दोन महिने थकलेलं बिल: कितव्या स्मरणपत्रात किती कडक लिहायचं

बिल थकलं की बहुतेक छोटे व्यावसायिक एकाच खड्ड्यात पडतात. सहा-सात आठवडे एकच गोड मेसेज पुन्हा पुन्हा जातो, मग एके दिवशी राग अनावर होऊन थेट वकिलाची भाषा सुरू होते. मधल्या पायऱ्या वापरल्याच जात नाहीत, आणि पैसे बहुतेक वेळा त्या मधल्या पायऱ्यांवरच सुटतात. आधी लक्षणं पाहू, मग तपासण्या. पहिल्या तपासण्यांना दहा मिनिटांपलीकडे काही लागत नाही, शेवटच्या तपासणीत धंद्याचा निर्णय घ्यावा लागतो. क्रम मोडू नका, कारण आधीच्या तपासणीत चूक सापडली तर पुढचा कडकपणा अंगावर येतो.

उदाहरण एकच धरू. भोसरीतलं टर्निंग-मिलिंगचं छोटं युनिट, उद्यम नोंदणी असलेलं. एका कंपनीला 500 पार्ट दिले, नगाला 300 रुपये. माल 1,50,000 आणि 18 टक्के जीएसटी 27,000, एकूण 1,77,000. बिल 4 एप्रिलचं, माल 5 एप्रिलला पोचला, पीओवर 30 दिवसांची उधारी. म्हणजे पैसे 4 मेपर्यंत यायला हवे होते. आज 4 जुलै, मुदत टळून 61 दिवस झाले.

लक्षणं

मेसेज वाचला जातो, "बघतो साहेब", "पुढच्या आठवड्यात करून टाकू" असं उत्तरही येतं, पण त्यात तारीख नसते. किंवा तारीख मिळते, ती उलटून जाते आणि आपल्याकडून त्यावर काहीच घडत नाही. जुनं बिल पडून असताना नव्या ऑर्डरचा फोन मात्र वेळेवर येतो. थोडा कडक मेसेज गेला की अकाउंट्सचा माणूस गप्प होतो आणि तासाभरात परचेसवाल्याचा चिडलेला फोन येतो: "अहो, असं कसं लिहिलंत?" आणि सगळ्यात महाग पडणारं लक्षण म्हणजे दोन महिन्यांनी अचानक उगवलेली मालाची तक्रार.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर फक्त शब्द बदलून काही होणार नाही. पैसे नेमके कुठे अडलेत हे कळल्याशिवाय किती कडक व्हायचं ते ठरत नाही.

पहिली तपासणी: दोन महिने खरंच दोन महिने आहेत का?

पीओ उघडा आणि उधारीचे दिवस कुठून मोजायचे ते शब्दशः वाचा. बिलाच्या तारखेपासून, माल पोचल्यापासून, त्यांच्या जीआरएनपासून म्हणजे माल मिळाल्याच्या त्यांच्या नोंदीपासून, की महिनाअखेरपासून? आपल्या उदाहरणात पीओवर "महिनाअखेरपासून 30 दिवस" असं असतं, तर मोजणी 30 एप्रिलला सुरू होऊन मुदत 30 मेला संपली असती. मग 4 जुलैला थकबाकी 61 दिवसांची नाही, 35 दिवसांची ठरते. 35 दिवसांच्या थकबाकीला अंतिम सूचना पाठवली तर समोरचा अकाउंटंट एका ओळीत तुमची तारीख खोडून काढतो, आणि त्यानंतर तुम्ही बरोबर असलात तरी तुमच्या प्रत्येक मेसेजकडे संशयाने पाहिलं जातं.

इथे कायद्याची मोजणी वेगळी आहे, ती माहीत असू द्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार (एमएसएमईडी कायदा) लेखी ठरलेली मुदत कितीही असली तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे ती चालत नाही. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर 15 दिवस. म्हणजे महिनाअखेरवाल्या पीओतसुद्धा कायद्याची मर्यादा 20 मेलाच संपते. पण सुरुवातीच्या पायऱ्यांवर पीओतली तारीखच वापरा. समोरच्याच्या सिस्टिममध्ये तीच दिसते आणि तिच्यावर वाद होत नाही. कायद्याची तारीख शेवटच्या पायरीसाठी ठेवा.

दुसरी तपासणी: बिल त्यांच्या सिस्टिममध्ये पोचलंय का?

कितीतरी "थकलेली" बिलं त्यांच्या खात्यात चढलेलीच नसतात. बिलावर पीओ नंबर चुकला, चलनाची सही असलेली प्रत गेटवरच राहिली, जीआरएन झालाच नाही, बिल ज्या ईमेलवर पाठवलं तो माणूस नोकरी सोडून गेला, किंवा तुम्ही बँक बदलली आणि त्यांच्याकडे जुनंच खातं आहे. एक कारण तर आपल्याच घरचं असतं: तुमच्या जीएसटीआर-1 मध्ये ते बिल भरायचं राहिलेलं. मग जीएसटी पोर्टलवर त्यांच्या खरेदीची बिलं दाखवणाऱ्या 2बी विवरणात ते दिसत नाही, आणि काही कंपन्या निदान जीएसटीची रक्कम तरी रोखून धरतात. स्वतःचं रिटर्न उघडून बघायला पाच मिनिटं लागतात.

या तपासणीसाठी फोनवर एकच प्रश्न विचारायचा: "बिल तुमच्याकडे बुक झालंय का, आणि कोणत्या तारखेच्या पेमेंटमध्ये दिसतंय?" "पेमेंट कधी?" असं विचारलं की "बघतो" हेच उत्तर मिळतं. "बुक झालंय का?" याचं उत्तर द्यायला समोरच्याला स्क्रीन उघडावी लागते, आणि अडचण असेल तर ती तिथेच कळते. दोष कागदात निघाला तर कडकपणाचा प्रश्नच उरत नाही. कागद दुरुस्त करा, नवी तारीख घ्या, आणि मोजणी त्या तारखेपासून धरा.

फोनची वेळही बघून घ्या. महिन्याच्या 7, 11 आणि 20 तारखेच्या आसपास अकाउंट्स विभाग टीडीएस आणि जीएसटीच्या धावपळीत असतो. त्या दिवसांत गेलेला नीट मेसेजसुद्धा वाया जातो.

तिसरी तपासणी: आतापर्यंत नेमकं काय लिहिलंय?

आतापर्यंत पाठवलेले सगळे मेसेज एकाखाली एक ठेवून वाचा. प्रत्येकातला "नमस्कार" आणि "धन्यवाद" झाकून टाका आणि बघा: बिल नंबर, रक्कम, मुदत कधी संपली, आणि समोरच्याने कोणत्या तारखेपर्यंत काय करायचं, या चार गोष्टी त्यात आहेत का? "साहेब, पेमेंटचं जरा बघा ना" यात चारातली एकही नाही. असे आठ मेसेज गेले असले तरी ती आठ स्मरणपत्रं धरता येत नाहीत. समोरच्याच्या दृष्टीने तुम्ही अजून एकदाही पैसे मागितलेले नाहीत.

पुढच्या पायऱ्यांसाठी हे महत्त्वाचं आहे, कारण कडकपणा बसतो तो तारखेत आणि परिणामात. विशेषणं वाढवून मेसेज कडक होत नाही. "वारंवार सांगूनही आपण दुर्लक्ष करत आहात" हे वाक्य रागाचं आहे, पण त्यात समोरच्याने काही करावं असं काहीच नाही. "18 जुलैपर्यंत रक्कम जमा झाली नाही तर पुढचा माल आगाऊ पैशांवर देऊ" हे शांत वाक्य आहे, आणि जास्त कडक आहे. म्हणून "जरा", "जमलं तर", "त्रास देतोय, माफ करा", "लवकरात लवकर" हे शब्द काढून टाका. "फसवणूक", "लाज", "नेहमीच" हेही काढा. "लवकरात लवकर" काढायला सगळ्यांना जड जातं, कारण तो नम्र वाटतो. पण त्यात तारीख नसल्याने तो कधी मोडतच नाही, आणि मोडलाच नाही तर पुढची पायरी चढायला कारण मिळत नाही.

चौथी तपासणी: मेसेज योग्य माणसाकडे जातोय का?

अकाउंट्समधला मुलगा बिल बुक करतो. पैसे सोडायचा अधिकार त्याला नसतो. त्याच्यावर आवाज चढवला तर तो फोन उचलणं बंद करतो, एवढंच होतं. शिवाय पुढच्या वेळी तुमचं बिल यादीत वर ठेवणारा माणूसही तोच असतो. आवाज चढवण्याआधी माणूस बदला. तोच मध्यम सुरातला मेसेज अकाउंट्स मॅनेजरला गेला आणि ज्याने ऑर्डर दिली त्या परचेसच्या माणसाला त्याची प्रत गेली, तर तो आपोआप एक पायरी कडक होतो. मालक स्वतः बघत असलेल्या छोट्या फर्ममध्ये ही पायरी शेठना थेट फोन करण्याची असते. तो फोन एकदाच होतो, म्हणून पहिल्या मेसेजनंतर लगेच तो खर्च करू नका.

पाचवी तपासणी: तक्रार खरी आहे की उशिराची?

मालाबद्दल काही लेखी आक्षेप आलाय का, आणि आला तर कधी? 2006 च्या कायद्यात माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी आक्षेप आला नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. आपल्या उदाहरणात ही मुदत 20 एप्रिलला संपली. जूनमध्ये फोनवर "काही पीस बाद होते" असं कोणी म्हणालं, तर त्या तारखा शांतपणे लिहून कळवायच्या आणि रिजेक्शनचा कागद मागायचा.

तक्रार खरी असेल तर कडकपणा वादाच्या भागातून काढा आणि उरलेल्या रकमेवर पूर्ण ठेवा. समजा 40 पीस बाद निघाले. 40 गुणिले 300 म्हणजे 12,000, त्यावर जीएसटी 2,160, मिळून 14,160. उरतात 1,62,840. मेसेज असा जायला हवा: "14,160 रुपयांबाबत तपासणी अहवाल पाहून क्रेडिट नोटचा निर्णय घेऊ. उरलेल्या 1,62,840 रुपयांबाबत वाद नाही, ते 11 जुलैपर्यंत जमा करावेत." सगळं बिल एका गाठोड्यात ठेवलं की 40 पीसच्या वादाखाली 460 पीसचे पैसेही दबून राहतात. तक्रार मिटेपर्यंत थांबू असा चांगुलपणा इथे महागात पडतो.

सहावी तपासणी: द्यायचं नाही की द्यायला नाही?

दोघांची लक्षणं वेगळी असतात. ज्याला द्यायचं नाही, त्याचा धंदा नीट चाललेला असतो, तो नव्या ऑर्डर देतो आणि तुमच्याशिवाय इतरांचे पैसे देतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या ऑर्डर आटतात, त्याच्याकडचे इतर सप्लायरही तेच सांगतात, आणि तो रक्कम नाकारत नाही, फक्त वेळ मागतो. दोन-तीन ओळखीच्या सप्लायरना विचारलं की चित्र स्पष्ट होतं.

पहिल्यासाठी पायऱ्या भराभर चढायच्या. दुसऱ्यावर धमकीचा उपयोग नाही. तिथे लेखी हप्ते मागा: उदाहरणार्थ 59,000 चे तीन हप्ते, पहिला याच आठवड्यात बँकेत, बाकी दोन्हींना तारखा, आणि कंपनीच्या लेटरहेडवर सहीनिशी पूर्ण 1,77,000 ची कबुली. पहिला हप्ता लगेच मागण्यामागे कारण आहे. ज्याला खरंच द्यायचंय तो काहीतरी देतो. नुसत्याच पुढच्या तारखा देणारा माणूस पहिल्याच गटातला असतो. कबुलीचाही स्वतंत्र उपयोग आहे: पैशांच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत संपायच्या आत दिलेल्या सहीच्या लेखी कबुलीपासून ती मुदत नव्याने मोजली जाते.

सातवी तपासणी: तुम्ही जे लिहिणार आहात ते कराल का?

ही सगळ्यात अवघड, कारण ती स्वतःच्या धंद्याबद्दल आहे. ही कंपनी तुमच्या महिन्याच्या कामाचा निम्मा भाग देत असेल तर "पुरवठा थांबवतो" असं लिहिण्याआधी दोन महिन्यांचे पगार आणि मशीनचा हप्ता कुठून देणार हे कागदावर मांडा. ते जमत नसेल तर ती ओळ लिहू नका. त्याऐवजी पेलवेल अशी अट लिहा: नवीन ऑर्डरचे निम्मे पैसे आगाऊ, किंवा जेवढं जुनं येईल तेवढाच नवा माल. लिहिलेला परिणाम एकदा घडला नाही की त्या ग्राहकाकडे तुमच्या पुढच्या तारखांना किंमत उरत नाही, आणि हे कुठल्याही जास्त कडक शब्दांनी भरून निघत नाही.

आता पायऱ्या

चार पायऱ्या पुरतात: विचारणा, मागणी, अट, अंतिम सूचना. दोन महिने उलटले म्हणून थेट चौथीवर जायचं नाही. तिसऱ्या तपासणीत काय निघालं त्यावर सुरुवात ठरते. नीट लिहिलेलं एकही स्मरणपत्र गेलेलं नसेल तर विचारणेपासून सुरू करा, फक्त अंतर कमी ठेवा. बिल आणि तारखेसह दोन स्मरणपत्रं आधीच गेली असतील तर थेट अटीवर या. एका पायरीवर दोन मेसेज जात नाहीत. तोच मेसेज दुसऱ्यांदा गेला की पहिला खोटा होता असं समोरच्याला कळतं.

4 जुलै, विचारणा. सूर सहकाऱ्याचा, पण तपशील पूर्ण:

> नमस्कार मॅडम. 4 एप्रिलच्या आमच्या बिलाचे (बिल नंबर, पीओ नंबर) 1,77,000 रुपये 4 मेपर्यंत येणं अपेक्षित होतं, अजून जमा झालेले नाहीत. बिल तुमच्याकडे बुक झालंय का आणि काही कागद कमी आहे का, हे कृपया 8 जुलैपर्यंत कळवा. बिल, सही असलेलं चलन आणि खातेउतारा सोबत जोडला आहे.

इथे पैशांची तारीख मागितलेली नाही, उत्तराची मागितली आहे. तीन-चार दिवसांत नुसतं उत्तर देणं कोणालाही जमतं. तेही आलं नाही, तर पुढची पायरी लगेच चढायला तुम्ही मोकळे.

11 जुलै, मागणी. आधी फोन, मग फोनवर जे ठरलं ते लेखी. मेसेज अकाउंट्स मॅनेजरला, प्रत परचेसला:

> नमस्कार सर. आज फोनवर झालेल्या बोलण्यानुसार 4 एप्रिलच्या बिलाबाबत कागदपत्रांची काही अडचण नाही. 1,77,000 रुपये 68 दिवसांपासून बाकी आहेत. ही रक्कम 17 जुलैपर्यंत जमा करावी. त्या तारखेला शक्य नसेल तर कोणत्या तारखेला आणि किती रक्कम येईल ते आजच लेखी कळवावं.

शेवटचं वाक्य ठेवाच. समोरच्याला सन्मानाने खरं बोलायची वाट मिळते, आणि तो जी तारीख देईल ती त्याची स्वतःची असते. ती मोडली तर तुम्हाला काही सिद्ध करावं लागत नाही.

18 जुलै, अट. इथे पहिल्यांदा तुम्ही काय करणार ते येतं. आपल्या हातात असलेल्या गोष्टीच लिहा:

> नमस्कार. 17 जुलैची तारीख उलटूनही 1,77,000 रुपये जमा झालेले नाहीत. त्यामुळे आजपासून नवीन ऑर्डरचा माल आगाऊ रक्कम मिळाल्यावरच पाठवता येईल. जुनी रक्कम 25 जुलैपर्यंत जमा झाल्यास पूर्वीप्रमाणे 30 दिवसांच्या उधारीवर काम सुरू राहील.

अट उठण्याचा रस्ता त्याच मेसेजमध्ये द्या. नुसती बंदी घातली की समोरचा दुसरा सप्लायर शोधायला लागतो. परत यायची तारीख दिली की परचेसचा माणूस स्वतःच अकाउंट्सच्या मागे लागतो, कारण माल त्याला हवा असतो.

28 जुलै, अंतिम सूचना. ही ईमेलने आणि स्पीड पोस्टने, लेटरहेडवर, मालक किंवा संचालकांच्या नावे. यातली सुविधा परिषद म्हणजे याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद सोडवणारी सरकारी यंत्रणा. भाषा सर्वांत थंड, वाक्यं सर्वांत छोटी:

> 4 एप्रिलच्या बिलाचे 1,77,000 रुपये 4 मेपासून बाकी आहेत. 4, 11 आणि 18 जुलैची स्मरणपत्रं सोबत जोडली आहेत. 7 ऑगस्टपर्यंत पूर्ण रक्कम जमा न झाल्यास एमएसएमईडी कायदा, 2006 च्या कलम 16 नुसार व्याजासह वसुलीसाठी सुविधा परिषदेकडे अर्ज दाखल करू. आमचा उद्यम नोंदणी क्रमांक खाली दिला आहे.

व्याजाचा आकडा घालायचा असेल तर तो बरोबर काढा. कलम 16 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज आहे. बँक रेट 5.50 टक्के धरला तर दर 16.50 टक्के होतो. 1,77,000 वर पहिल्या महिन्याचे सुमारे 2,434, आणि दोन महिने मिळून सुमारे 4,901 रुपये. चालू दर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. हा आकडा पहिल्या तीन पायऱ्यांवर आणू नका. तिथे तो आणला की बोलणं मूळ रकमेवरून व्याजावर घसरतं, आणि "व्याज सोडा, मग बघू" अशी घासाघीस सुरू होते. व्याज प्रत्यक्ष मिळालं तर त्यावर जीएसटीही येतो, म्हणून ते हिशोबात घेण्याआधी सीएंना विचारा.

आणखी दोन मुद्दे लोक घाईने वापरतात. एक म्हणजे आयकरातली 43बी(एच) म्हणून ओळखली जाणारी तरतूद: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळते. पण जुलैत ही धमकी पोकळ आहे. 31 मार्चच्या आत पैसे दिले तर वजावट त्याच वर्षात मिळते, आणि त्यांच्या अकाउंटंटला हे पक्कं माहीत असतं. हा मुद्दा फेब्रुवारी-मार्चमध्ये उपयोगी पडतो. दुसरा जीएसटीचा: बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. आपल्या बिलाचे 180 दिवस 1 ऑक्टोबरला भरतात. सप्टेंबरच्या मध्यावर अकाउंट्स मॅनेजरला त्या तारखेची साधी आठवण करून देणं पुरतं, आणि त्यात धमकीचा सूर लागतही नाही. ती तारीख सांभाळणं हा त्याच्याच कामाचा भाग आहे.

मधेच पैसे किंवा तारीख आली तर काय? दिलेली तारीख पाळली तर सूर लगेच पहिल्यासारखा करा, आणि आभाराचा मेसेज त्याच दिवशी पाठवा. तारीख एकदा मोडली तर एक पायरी वर. दुसऱ्यांदा मोडली तर थेट अंतिम सूचना. काही रक्कम आली तर उरलेल्या आकड्यावर त्याच पायरीवर थांबा, खाली उतरू नका. थोडे थोडे पैसे देऊन पायऱ्या पुसत राहणारे ग्राहक असतातच.

पोलिसांत जाऊ, असोसिएशनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव टाकू, घरी येऊन बसू, यातलं काहीही कोणत्याच पायरीवर लिहू नका. पैशांचा हा दिवाणी विषय आहे. असा एक मेसेज त्यांच्या वकिलाच्या हाती लागला की पुढची बरीचशी चर्चा तुमच्या वागण्यावर होते, बिलावर होत नाही.

स्वतः थांबा आणि जाणकाराला बोलवा

पुढच्यापैकी काहीही घडलं की मेसेज लिहिणं बंद करा आणि सीए किंवा वकिलाकडे जा.

अंतिम सूचनेची तारीख उलटली. यानंतरचा पाचवा मेसेज आधीच्या चारांची धार घालवतो. सुविधा परिषदेचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण कोणतं बिल, कोणती तारीख आणि किती व्याज हे एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. परिषदेचा निवाडा खरेदीदाराविरुद्ध गेला आणि त्याला तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते, म्हणून अर्जातला आकडा नेमका असणं तुमच्याच फायद्याचं आहे.

उद्यम नोंदणी व्यवहारानंतरची असेल, किंवा तुमचा धंदा निव्वळ खरेदी-विक्रीचा असेल. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण उशिराच्या पैशांच्या या तरतुदींचा लाभ त्यावर मिळत नाही. अशा वेळी अंतिम सूचनेत कलम 16 लिहूच नका. साधी कायदेशीर नोटीस आणि दिवाणी दावा हाच मार्ग उरतो, आणि त्याची भाषा वकिलाने ठरवावी.

हप्त्यासाठी दिलेला चेक परत आला. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. "पुन्हा टाका, या वेळी नक्की पास होईल" असं ऐकत बसण्यात ही मुदत निघून जाऊ शकते, म्हणून त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.

समोरून वकिलाचं पत्र आलं, किंवा मालाबद्दल मोठी लेखी तक्रार आली. उत्तरातला एखादा नम्र शब्दसुद्धा कबुली म्हणून वाचला जाऊ शकतो.

कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाल्याचं कळलं. तेव्हा कंपनीला स्मरणपत्रं पाठवून उपयोग नाही. नेमलेल्या व्यावसायिकाकडे ठरलेल्या मुदतीत दावा नोंदवावा लागतो.

जाताना पीओ, बिल, सही असलेलं चलन, ई-वे बिल काढलेलं असल्यास ते, खातेउतारा, उद्यम प्रमाणपत्र आणि चारही मेसेज तारखेच्या क्रमाने एका फाइलमध्ये न्या. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं स्क्रीनशॉटसोबत चॅट एक्स्पोर्ट करूनही द्या, आणि तो फोन बदलू नका, विकू नका.